खालची बॅच

जूनमधला दुसरा रविवार, सकाळ. हजर: मी, बायको, मुलगी आणि टेम्पोवाला. गैरहजर कोणी नाही, कारण घरात आम्ही तिघंच.

मी सैन्यात हवालदार क्लार्क होतो. सामान हलवायचं म्हटलं की माझा हात आपोआप कागदाकडे जातो. गॅसची शेगडी, लहान कुकर, दोन गाद्या, अभ्यासाचं टेबल, टेबलफॅन, धान्याचे डबे. टेम्पोत चढलेल्या वस्तूवर खूण करायची, आणि सांगलीत खोलीत उतरली की दुसरी खूण. बायको म्हणाली, "आवं, लग्नाचं बिऱ्हाड न्हाई हलवत आपण, दोन वर्षांचं हाय. चढवा पटापटा." टेम्पोवाला हसला. मुलगी पुढच्या सीटवर कानात वायर घालून बसली होती.

आमचं गाव रहिमतपूरपासून जवळ. मुलगी गावातल्याच हायस्कुलात दहावी झाली, नव्वदच्या वर टक्के पडले, आणि निकालाच्या दिवशी ठरलं की ती डॉक्टर होणार. कोणी ठरवलं ते सांगता येणार नाही. पेढे वाटताना जो तो तेच बोलत होता, आणि संध्याकाळपर्यंत ते ठरलेलं होतं. मग नीटचा क्लास. क्लास म्हणजे सांगली. कोल्हापूर, पुणे, लातूर हीही नावं निघाली, पण सांगलीला रेल्वेनं थेट जाता येतं आणि बायकोची मावसबहीण मिरजेत असते, म्हणून सांगली.

ही व्यवस्था ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. अकरावी-बारावी कुठल्यातरी ज्युनिअर कॉलेजात करावी लागते, बोर्डाची परीक्षा तिथूनच होते. क्लासचं एका कॉलेजशी ठरलेलं असतं. आमच्या मुलीचं कॉलेज कराडच्या पुढं, रस्त्यापासून आत. प्रवेशाच्या दिवशी आम्ही ते एकदा पाहिलं. तिथले शिपाई म्हणाले, "आता प्रॅक्टिकलला या." बाकीचे सगळे दिवस मुलगी सांगलीत क्लासला. सकाळी लेक्चर, दुपारी पुन्हा लेक्चर, मग संध्याकाळी बसून अभ्यास, दर रविवारी टेस्ट. म्हणजे ज्याला शाळा म्हणायचं ते कागदावर, आणि ज्याला शिकवणी म्हणायचं तीच शाळा. मला हे सुरुवातीला विचित्र वाटलं. पण प्रवेशाच्या रांगेत आमच्यासारखे इतके आईबाप होते की विचित्र वाटायचं थांबलं.

मुलीला एकटीला हॉस्टेलला ठेवायला बायको तयार नव्हती. खोली घेऊन ती बरोबर राहणार, आणि ऊस, दोन म्हशी आणि घर मी बघणार, असं ठरलं. क्लासच्या फॉर्ममध्ये 'स्थानिक पालक' असा रकाना होता. तिथं मी बायकोचं नाव लिहिलं. मी सांगलीत नसणार, त्यामुळे तेच बरोबर होतं.

नोकरीभर मी बाहेर होतो आणि त्या दोघी घरी. वर्षातून दोनदा रजेवर यायचो. आल्यावर पहिले दोन दिवस मुलगी माझ्याशी पाहुण्यासारखी वागायची. रिटायर होऊन घरी आलो तेव्हा ती सातवीत होती. मला वाटलं होतं आता सलग घरी राहू. राहिलोही. फक्त मीच राहिलो. आता त्या दोघी रजेवर येणार, गणपतीला आणि दिवाळीला. गणपतीला आल्या तेव्हा पहिले दोन दिवस मी त्यांच्याशी जरा जपून बोललो.

एकटं राहायचं तंत्र मला येतं. बराकीत येतच होतं. सकाळी म्हशी, दूध डेअरीला, मग चहा, मग रानात. एका माणसाचा स्वयंपाक अवघड असतो तो प्रमाणामुळे. डाळ कितीही कमी घेतली तरी दोघांची होते. मग संध्याकाळी तीच. टीव्ही लावून ठेवायचो, बघायचो नाही. भिंतीवर क्लासचं वेळापत्रक चिकटवलं होतं, त्यामुळे आत्ता मुलीला केमिस्ट्री असेल, आत्ता बायको डबा द्यायला गेली असेल, हे मला कळायचं. शेजारचे आण्णा एकदा ते वेळापत्रक बघून म्हणाले, "गड्या, तू क्लासला हाईस का पोरगी?"

दर रविवारी रात्री पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टेस्टचा निकाल येतो. नाव, गुण, किती बरोबर, किती चूक, किती सोडले, आणि शेवटी क्रमांक. बरोबर उत्तराला चार गुण, चूक उत्तराचा एक वजा. सोडलेल्या प्रश्नाला काही नाही. मी तो निकाल वहीत उतरवून घ्यायचो. ग्रुपवर पहिला अंगठा माझाच असायचा.

मुलं तीन बॅचमध्ये विभागलेली. वरची, मधली, खालची. क्लासवाले तसं म्हणत नाहीत, त्यांनी बॅचना इंग्रजी नावं दिली आहेत, पण जिन्यात, रस्त्यावर, चहाच्या टपरीवर सगळे वरची आणि खालचीच म्हणतात. प्रवेश परीक्षेवर मुलं वाटली जातात आणि मग काही टेस्टच्या सरासरीवर वर-खाली होतात. आमची मुलगी पहिल्यापासून वरच्या बॅचला. त्याचा सगळ्यात जास्त आनंद बायकोला झाला.

खोली घेतली त्या इमारतीत निम्म्या खोल्या क्लासच्या मुलांनी आणि त्यांच्या आयांनी भरलेल्या. आटपाडीच्या, तासगावच्या, जतच्या, एक विजापूरकडची. बाप सगळ्यांचे गावाकडे. सुरुवातीला मी भेटायला गेलो तेव्हा जिन्यात एक बाई दुसरीला म्हणाली, "हे वरच्या बॅचच्या मम्मींचे मिस्टर." म्हणजे बायकोला तिथं नाव तेच होतं. लग्न झाल्यापासून ती माझ्या आईबापांजवळ राहिली, त्यांचं शेवटपर्यंत सगळं केलं, मी कधीतरी पत्र आणि नंतर फोन. कुणी तिला तिच्या कशावरून ओळखलं असेल तर ते इथंच. संध्याकाळी ती त्या बायकांबरोबर गणपतीच्या देवळात जायची, येताना मंडईतून भाजी. फोनवर तिचा आवाज मोकळा झाला होता. मी तिला विचारायचो, "करमतं का?" ती म्हणायची, "मला लय करमतंय. तुमाला?" मी म्हणायचो, "काम असतं."

गणपतीनंतर मुलीचे गुण उतरायला लागले. बायॉलॉजी ठीक, केमिस्ट्री ठीक, फिजिक्स पडत चाललं. बायकोनं फोन केला. "आवं, फिजिक्समदी काय तरी झालंय. खालच्या मजल्यावरच्या आईनं एक सर सांगितल्यात. घरी येऊन शिकवत्यात. लावू का?"

क्लासला क्लास लावायचा. मी म्हटलं लाव.

ते सर म्हणजे एक इंजिनीअर झालेला तरुण. आधी त्याच क्लासमध्ये शंका सोडवायला बसायचा, मग बाहेर पडला आणि घरोघरी शिकवायला लागला. एका शनिवारी मी सांगलीत होतो तेव्हा त्याचा तास बघितला. त्याच्याकडे क्लासच्या मागच्या वर्षांच्या टेस्टचे गठ्ठे होते. क्लास दरवर्षी नवे प्रश्न किती काढणार? बरेच तेच फिरून येतात, आकडे बदलून. तो गठ्ठा उघडायचा आणि सांगायचा, "हा प्रश्न बघितला ना? हा येणार. उत्तर सी. वस्तुमान दुप्पट दिलं तर उत्तर दुप्पट, बाकी बघत बसू नको." मुलगी मान हलवायची आणि लिहून घ्यायची. तास संपल्यावर मी त्याला खाली सोडायला गेलो. म्हटलं, "सर, तिला हे समजतंय का?" तो प्रामाणिक होता. म्हणाला, "काका, पायापासून शिकवायला मला महिने लागतील. तुम्हाला पुढच्या रविवारी रँक पाहिजे." आणि त्यानं गाडीला किक मारली.

त्याच्या गठ्ठ्यानं एक-दोन रविवारी गुण चढले. मग पुन्हा घसरले, या वेळी जोरात. निकालात फिजिक्सचे निम्म्याहून जास्त प्रश्न सोडलेले. क्लासकडून मेसेज आला: आपल्या पाल्याची बॅच बदलण्यात येत आहे. वरचीतून थेट खालची.

बायको फोनवर रडली नाही, पण तिचा आवाज पुन्हा जुन्यासारखा झाला. "तुमी या. तुमचं ऐकतील. मी गेलते तर म्हणाले, ताई, सिस्टीम हाय. तुमी कागदं घेऊन या. आर्मीवाल्याला मानत्यात."

मी गेलो. म्हशी आण्णांवर सोपवल्या, सकाळची गाडी पकडली. फाइल बरोबर घेतली: दहावीचा निकाल, माझं डिस्चार्ज बुक, सगळ्या टेस्टचे गुण एका कागदावर उतरवलेले, सरासरी काढून. क्लासचे समन्वयक म्हणजे टाय लावलेला, माझ्याहून लहान माणूस. माझी फाइल त्यानं उघडली आणि डिस्चार्ज बुकवर थांबला. त्याचा भाऊ सैन्यात होता. मग चहा आला. मी मुद्देसूद बोललो. सुरुवातीच्या टेस्टमध्ये ती कुठं होती, मधे दोन टेस्ट बिघडल्या, दोन टेस्टवर दोन वर्षं ठरवू नयेत. तो म्हणाला, "काका, तुमच्यासाठी अपवाद करतो. पण पुन्हा नाही." त्यानं संगणकावर काहीतरी केलं आणि मुलगी वरच्या बॅचमध्येच राहिली.

खोलीवर जाताना भडंग घेतलं, पाव किलो पेढे घेतले. बायकोनं दारातच माझा चेहरा बघून ओळखलं. तिनं पेढे घेऊन खालीवर दोन्ही मजले केले. "कुनी विचारलं तर सांगा, वाढदिवस हाय म्हणून," असं मला सांगून गेली.

मुलगी टेबलाशी बसली होती. मी सांगितलं, "झालं काम. तू वरच हाईस." ती "बरं" म्हणाली. पेढा अर्धा खाल्ला, अर्धा बशीत ठेवला.

संध्याकाळच्या गाडीनं परत निघालो. रानाला पाण्याची पाळी होती, थांबता येत नव्हतं. मुलगी म्हणाली, "मी स्टेशनपर्यंत येते." बायको म्हणाली, "अभ्यास?" ती म्हणाली, "चालत येते, तेवढंच पाय मोकळं." विश्रामबागच्या त्या रस्त्यानं जाताना दोन्ही बाजूला क्लासचे फलक. मुलांचे फोटो, फोटोखाली गुण. मी ते वाचत चाललो होतो. ती म्हणाली,

"पप्पा, तुमी त्या सरांना काय सांगितलं?"

मी सांगितलं. सरासरी, सुरुवातीच्या टेस्ट, सगळं.

"मी मुद्दाम सोडलंते प्रश्न," ती म्हणाली.

मला आधी वाटलं ती थट्टा करते आहे. मग तिचा चेहरा बघितला.

"चुकीचं मारलं असतं तर वजा झालं असतं, मग लय खाली गेले असते आणि मम्मी घाबरली असती. म्हणून नुसतंच सोडलं. खालच्या बॅचला जायचं होतं मला."

"का?"

"खालच्या बॅचच्या वर्गासमोर पाण्याचा कूलर हाय. बाटली भरायला गेले तर आत सर शिकवत होते. त्यांनी टेबलावर पुस्तक ठेवलं, पुस्तकावर खोडरबर ठेवलं आणि पुस्तकाची एक बाजू हळूहळू उचलली. एका उंचीला आल्यावर खोडरबर घसरलं. मग त्यांनी पुस्तकाची बाजू, टेबलाची बाजू आणि उंची असा त्रिकोण फळ्यावर काढला. म्हणाले, साइन म्हणजे कुठली बाजू भागिले कुठली, आणि ही उंचीच का घ्यायची. एक पोरगं म्हणालं, सर, सूत्र पाठ हाय. ते म्हणाले, सूत्र गेलं खड्ड्यात, ती बाजू दाखव. पप्पा, मला पण दाखवता आली नसती."

"दहावीला तुला गणितात किती होते?"

"शंभरपैकी सत्त्याण्णव," ती म्हणाली. "त्यातले वीस शाळेनं दिलेले. तसे ते सगळ्यांनाच देत्यात. बाकीचं पाठ होतं. कुठली गणितं येतात ते ठरलेलं असतंय. टेबल पाठ होतं, साइन तीस म्हणजे एक छेद दोन. कशाचा छेद ते कुणी सांगितलंच न्हाई."

आम्ही रस्त्याच्या कडेला थांबलो होतो. मागून एक रिक्षा हॉर्न देत गेली.

"आठवीत गणिताला सर कुठं होते?" ती म्हणाली. "जुने सर रिटायर झाले, मग जागा रिकामीच. चित्रकलेचे सर यायचे. ते बिचारे म्हणायचे, पुस्तकात सोडवलेलं उदाहरण हाय, ते उतरवा, मी फळा पुसतो. नववीत एक मॅडम तासावर यायच्या, त्यांना दुसऱ्या गावात पण तास असायचे. त्या पटापटा शिकवून बसला पळायच्या. इंग्लिशमधनं गणित, मराठीतनं समजावणं, आणि मधनं काय तरी गळायचं. मला वाटायचं पुढच्या वर्षी कळेल. इथं वरच्या बॅचला सगळ्यांना येतंयच असं धरून चालत्यात. हात वर केला तर पोरं मागं वळून बघत्यात. एकदा विचारलं मी, साइन का, कॉस का न्हाई. सर म्हणाले, हे नववीचं हाय, शंका काउंटरला विचार. काउंटरवर रांग. तिथं पण ते सूत्रच सांगत्यात."

"आणि खालच्या बॅचला?"

"तिथं विचारायला लाज वाटत न्हाई. तिथं कुणालाच येत न्हाई."

ती हसली. मला हसू आलं नाही.

मी म्हटलं, "मग हे मम्मीला का नाही सांगितलंस?"

"कसं सांगू? ती जिन्यात बोलते ते ऐकलंय का तुमी?"

गाडीला वेळ होता. मी आत काहीतरी जुळवत होतो, आणि जे जुळलं ते मी लगेच बोललो. "बाळा, चल घरी. सातारला साधं कॉलेज बघू. सकाळी गाडीनं जायचं, संध्याकाळी घरी."

तिनं माझ्याकडं बघितलं. लहानपणी मी रजेवरून परत जाताना बघायची तसं, की हे खरंच बोलतायत का.

"घरी येऊन काय करू पप्पा?" ती म्हणाली. "तिथं तर शिकवायलाच कुणी न्हाई. म्हणून तर इथं आलोय. मला फक्त त्या सरांच्या वर्गात बसायचंय."

मी गाडीत बसलो. ती खिडकीशी उभी राहिली आणि गाडी हलली तशी वळून गेली, हात न हलवता. हात हलवायची सवय आमच्या घरात नाही, इतक्यांदा निरोप दिल्यामुळे ती सुटली. भिलवडीपर्यंत मी खिडकीतून बाहेर बघत होतो. मग कागद काढला आणि काय करायचं ते लिहिलं. एक, समन्वयकाला फोन. दोन, नववीचं गणिताचं पुस्तक. तीन, बायको.

समन्वयकाला दुसऱ्या दिवशी फोन केला. तो पहिल्यांदा समजलाच नाही. "म्हणजे काका, वर ठेवा म्हणून तुम्ही आलात, आणि आता खाली ठेवा म्हणताय?"

"हो."

"असा अर्ज आमच्याकडे कुठल्या पालकाचा आलेला नाही."

"मग हा पहिला."

तो म्हणाला, "नंतर वाद नको. लेखी द्या. मुलीची सही आणि स्थानिक पालकाची सही. फॉर्मवर मॅडमचं नाव आहे, त्यांचीच लागेल. दिवाळीच्या सुट्टीआधी द्या, सुट्टीनंतर बॅच गोठवतो, मग बारावी संपेपर्यंत बदल नाही."

नववीचं पुस्तक आणायला हायस्कुलात गेलो. मुख्याध्यापक ओळखीचे. म्हटलं, गणिताची जागा भरली का. ते म्हणाले, "पटसंख्या कमी झाली, मग सरकारच्या संचमान्यतेत, म्हणजे शिक्षकांच्या मंजूर आकड्यात, पद बसत न्हाई. पद बसलं की भरती न्हाई. भरती झाली की माणूस बदली मागतो. तुमच्या पोरीला चांगले गुण पडले की. शाळेचा फलक लावलाय तिचा." तो फलक मी जाताना बघितला होता. मग त्यांनीच सांगितलं की त्यांची नात कोरेगावला शिकवणीला जाते, सहावीपासून. "काय करणार," ते म्हणाले, "इथं कोण शिकवणार तिला." त्यांनी ते अगदी सहज सांगितलं, जणू ही शाळा कुणा दुसऱ्याची आहे.

पुस्तक घेऊन आलो. संध्याकाळी बायको देवळात जाते त्या वेळेत मुलीला फोन लावायचो. मला क्लार्कचं गणित येतं: टक्के, सरासरी, भत्ते, गुणोत्तर. त्रिकोण येत नव्हते. म्हणून दुपारी आधी मी शिकायचो. गोठ्याच्या भिंतीला शिडी लावली, शिडीची लांबी मोजली, जमिनीवरचं अंतर आणि भिंतीवरची उंची मोजली, शिडी सरकवली, पुन्हा मोजलं. आण्णा बांधावरून बघत होते. "काय रं, पत्रं बदलतोस व्हय?" मी म्हटलं, "साइन काढतोय." ते पुढं गेले.

फोनवर मी तिला म्हणायचो, "वही उघड. शिडी काढ. उंची लिही. पुढं."

ती म्हणायची, "पप्पा, तुमी शिकवत न्हाई, ऑर्डर देताय."

"मग सांग शिडीचा पाय लांब नेला तर काय होईल."

"उंची कमी."

"साइन?"

वहीचं पान उलटल्याचा आवाज. मग, "कमी. थांबा. म्हणजे उतार कमी झाला म्हणून खोडरबर घसरत न्हाई." आणि तिचा श्वास ऐकू आला, भराभर लिहिताना येतो तसा. हे आम्ही चार-पाच वेळा केलं असेल. त्या संध्याकाळी टीव्ही लावायची आठवण झाली नाही. पण माझं त्रिकोणापुढं पोचत नाही. तिच्या फिजिक्समधली बलांची बेरीज मी तीन दुपारी वाचली आणि मला कळली नाही, आणि जे मला कळलं नाही ते मी फोनवरून काय सांगणार. तिला शिकवणारा माणूस लागतो, फळ्यासमोर उभा, आणि तो त्या कूलरसमोरच्या वर्गात आहे.

अर्ज मी टाइप करून घेतला, रहिमतपुरात. एक पानी. मुलीला क्लासच्या पत्त्यावर पोस्टानं पाठवला, तिनं सही करून क्लासच्या पुस्तकांच्या मधे ठेवला आहे. फक्त बायकोची सही बाकी आहे.

ती का बाकी आहे याची कारणं मी स्वतःला क्रमानं देऊ शकतो. सही घेण्यासाठी सांगावं लागेल की मुलीनं मुद्दाम प्रश्न सोडले, आणि आईला सांगितलं नाही. सांगावं लागेल की पेढे वाटले ते चुकीच्या गोष्टीचे. आणि उद्या जिन्यात तिला कुणी वरच्या बॅचची मम्मी म्हणणार नाही. हे सगळं फोनवर सांगण्यासारखं नाही असं मी म्हणतो. पण मागच्या रविवारी मी तिथं होतो, समोरासमोर, आणि तेव्हा ती मला तिनं विणलेला स्वेटर दाखवत होती. खालच्या मजल्यावरच्या बाईकडून शिकली. मुलगी टेबलाशी बसून माझ्याकडं बघत होती. मी स्वेटरची बाही नीट बघितली आणि म्हणालो, चांगला झालाय. मुलगी पुन्हा वहीत बघायला लागली.

एक कारण मी मुलीलाही सांगितलेलं नाही. खालच्या बॅचला गेली की बायको तिथं रमणार नाही. ती म्हणेल, चला घरी. आणि ते ऐकायला मला बरं वाटेल, आणि तेच व्हायला नको आहे. घरी त्या मुलीसाठी फळ्यासमोर उभं राहणारं कुणी नाही. मी माझ्या रिकाम्या घरासाठी तिला परत आणू शकत नाही. म्हणून बायकोला सांगताना दोन्ही सांगावं लागेल: सही कर, आणि तिथंच राहा. हे वाक्य मी रोज म्हशीला पाणी पाजताना तयार करतो. पहिला भाग जमतो.

काल संध्याकाळी तिचा फोन आला. "काय जेवला?"

"डाळभात."

"पुन्हा डाळ? भाजी आना की वो. दिवाळीला सुट्टी लागायला आठ दिवस हायत. आमी आलो की करते सगळं."

"हां."

"काय बोलायचं होतं का?"

"न्हाई. पोरगी काय करते?"

"अभ्यास. बोला तिच्याशी."

मुलगी फोनवर आली. "पप्पा," म्हणाली आणि थांबली. मागं बायको कुकर उघडत होती. मी म्हटलं, "येतो मी गुरुवारी." ती म्हणाली, "शुक्रवारपर्यंत द्यायचाय."

गाडीची वेळ बघून ठेवली आहे. आण्णांना म्हशींचं सांगितलं आहे. पाण्याची पाळी पुढं ढकलली आहे. बायकोला सांगायचं राहिलं आहे.